बांगड्या हातावर तरंगतात: फोटोत बांगडी बदलली की सावली का फसते

बेळगावात, शहापूरच्या बाजूला, लग्नाच्या अल्बमची पानं लावणं हे माझं काम. खानापूर, निपाणी, चंदगडकडची लग्नं, कधी पलीकडच्या कन्नड घरातली. वर्षभरात पाच-सहा वेळा तरी एक मागणी ठरलेली असते: फोटो हाच हवा, फक्त हातात चुडा घाला. कारणं नाना तऱ्हेची. कधी साखरपुड्याचा फोटो सगळ्यात चांगला येतो आणि तेव्हा चुडा भरलेला नसतो. कधी ओवाळताना दोन बांगड्या फुटतात आणि फोटोत तेवढी जागा मोकळी राहते. कधी सासूबाई पान बघतात आणि म्हणतात, हिरवं काहीच कसं नाही हातात.

बांगडी कापून हातावर ठेवायला दहा मिनिटं लागतात. गोची होते ती पुढे. प्रूफ बघून परवा एका मावशींनी विचारलं, "बांगड्या हातावर तरंगूलाल्यात की रे." त्याच्या आधी एका कन्नड आजींनी नुसतं बोट ठेवून विचारलं होतं, "नेरळु एल्ली?" सावली कुठाय? दोघींनी फोटोशॉप उघडलेलं नाही, पण चूक बरोबर पकडली.

ही तक्रार परत परत येते. दर वेळी कारण जवळपास तेच असतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

लक्षण कसं ओळखायचं

तीन प्रकारे बिघडतं. पहिला प्रकार, बांगडीच्या एका बाजूला करड्या रंगाची, सगळीकडे सारख्या जाडीची पट्टी दिसते आणि बांगडी कागदाचं स्टिकर वाटते. दुसरा, बांगड्यांच्या मधली कातडी काळी-निळी, मार बसल्यासारखी दिसते. तिसरा, नवी बांगडी ठीक असते, पण तिच्या शेजारी एक अनाथ सावली पडलेली असते, म्हणजे जुन्या बांगडीची, जी काढायची राहून गेली.

पहिल्या प्रकाराचं मूळ नव्वद टक्के वेळा Drop Shadow हेच. तो इफेक्ट वाईट नाही, पण तो एकच गोष्ट जाणतो: आकार उचल, इतके पिक्सेल सरकव, पुसट कर. म्हणजे वस्तू सपाट आहे, तिच्यामागची भिंतही सपाट आहे आणि दोघींमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे, असं तो धरून चालतो. मनगटावरच्या बांगडीत यातलं एकही खरं नसतं.

बांगडी हाताला कुठे टेकते

हे एकदा डोळ्यांसमोर आलं की निम्मं काम झालं. बांगडी सैल असते, म्हणून ती वजनाने खाली लोंबते. हात आडवा असेल तर ती मनगटाच्या वरच्या अंगाला टेकते आणि खालच्या अंगाला मोकळी राहते. हात वर उचलला, नमस्कारासाठी किंवा मेंदी दाखवायला, तर बांगड्या कोपराकडे घसरतात आणि जिथे हात जाड होतो तिथे अडकतात. तिथे चहूबाजूंनी टेकतात आणि फट जवळपास उरत नाही. हात खाली सोडला की सगळ्या पंजाच्या बुंध्याशी, अंगठ्याच्या उंचवट्यावर येऊन बसतात.

सावली बांगडीपासून किती लांब पडणार, हे त्या फटीवर ठरतं. जिथे टेकली तिथे सावली बांगडीला चिकटलेली, अरुंद आणि गडद. जिथे लोंबली तिथे सावली सुटून लांब गेलेली. एकाच बांगडीच्या एकाच सावलीत हे दोन्ही असतं. Drop Shadow ला हे जमत नाही, म्हणून तो हातावर खोटा दिसतो.

माझ्याकडे आलेलं ताजं काम घेऊन सांगतो. खानापूर तालुक्यातलं घर, अंगणात काढलेला साखरपुड्याचा फोटो, दुपारी चारचं ऊन. नवरी मुलीच्या हातात ओटीचा नारळ, डावा हात आडवा, कोपर फोटोत उजवीकडे आणि बोटं डावीकडे. हातात सोन्याच्या दोन बारीक बांगड्या. हवं काय, तर मागेपुढे एकेक पाटली आणि मध्ये सात हिरव्या काचेच्या बांगड्या. (किती ते घरच्यांना आधी विचारा. मोजणाऱ्या आत्या प्रत्येक घरात असतात.)

घरच्यांनी बांगडीचं माप सांगितलं, दोन-सहा. आपल्याकडे कासार मापं सांगतात ती इंच आणि इंचाचे सोळावे भाग अशी: दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. दोन-सहा म्हणजे आतला व्यास साधारण 60 मिलिमीटर. फोटोत ती बांगडी 720 पिक्सेल रुंद यायला हवी होती, म्हणजे एका मिलिमीटरला 12 पिक्सेल. हा एक आकडा हाती आला की पुढे अंदाजपंचे काही करावं लागत नाही.

मनगट रुंदीला 54 आणि जाडीला 40 मिलिमीटर धरलं, तर वर टेकलेल्या बांगडीची फट अशी पडते: वर शून्य, मनगटाच्या मध्यावर कडेला जेमतेम 1 मिलिमीटर, त्याच्या खाली वळणावर 6 च्या आसपास, आणि अगदी बुडाशी 20. बूड कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून ते सोडून देऊ. पिक्सेलमध्ये मांडलं तर सावली वर 0, मध्यावर 12 आणि खालच्या वळणावर 70 च्या जवळपास सरकलेली हवी. हा हिशेब ऊन कातडीवर साधारण 45 अंशांत पडतंय असं धरून. ऊन तिरपं झालं की अंतर वाढतं, डोक्यावर आलं की कमी होतं. संध्याकाळच्या फोटोंत म्हणून सावल्या लांबतात.

प्रकाश कुठून येतोय हे नाकावरून ठरवू नका

बरेच जण नाकाची सावली बघतात. दिशा कळते, पण चेहरा हातापासून दीड-दोन फूट लांब आणि वेगळ्याच कोनात असतो. त्याच हातातली अंगठी बघा. अंगठी म्हणजे बोटावरची छोटी बांगडीच. तिची सावली कुठल्या अंगाला पडली, किती गडद आहे, कड किती धारदार आहे, हे सगळं त्याच फोटोत लिहिलेलं असतं. अंगठी नसेल तर नारळाच्या शेंडीची किंवा पदराच्या काठाची हातावर पडलेली सावली चालते.

या फोटोत ऊन बोटांच्या बाजूने, वरून येत होतं. म्हणजे सावल्या कोपराकडे, उजवीकडे पडणार.

आधी जुनं साफ करा, पण सगळं नको

जुनी बांगडी काढताना तीन गोष्टी काढायच्या असतात आणि लोक एकच काढतात. बांगडी तर दिसते. तिची सावली तिच्यापासून सुटून दोन-तीन बोटं पलीकडे असू शकते, म्हणून ती राहून जाते. तिसरी गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही: सोन्यावरून उडालेला पिवळा उजेड. उन्हात सोन्याची बांगडी उजेडाकडच्या कातडीवर एक पिवळसर झाक टाकते. तिथे हिरवी काच ठेवली की ती झाक उगाच उरते, आणि बघणाऱ्याला कळत नाही काय चुकलंय, पण काहीतरी चुकलंय हे कळतं.

साफसफाई नव्या लेयरवर, Clone Stamp ने करतो आणि Sample ला Current & Below ठेवतो. Healing Brush गडद कडेजवळ आणला की तो कडेचा रंग ओढून कातडीवर डाग पाडतो, म्हणून सावलीच्या कडेला तो वापरत नाही. पिवळी झाक जाते ती वेगळ्या लेयरवर: मोड Color, शेजारच्या स्वच्छ कातडीचा रंग, मऊ ब्रश, अपारदर्शकता 40 टक्क्यांच्या आत.

मात्र एक आळशीपणा फायद्याचा आहे. नव्या बांगड्यांखाली जी जागा झाकली जाणार आहे, तिथे काहीच साफ करू नका. नवी पाटली जमेल तिथे जुन्या बांगडीच्या रेषेवरच बसवा. जुन्या बांगडीने कातडीला जो बारीक दाब दिलेला असतो आणि टेकल्याची जी खरी गडद रेषा असते, ती फुकटात मिळते. हातावर मेंदी असेल तर हा आळस गरजेचाच. मेंदीची वेलबुट्टी Clone Stamp ने परत विणत बसलात तर दिवस जातो आणि ती जुळतही नाही.

पाइपवरची बांगडी

नवी बांगडी कुठून आणायची? नेटवरून उचललेल्या फोटोत उजेड स्टुडिओचा, कोन वेगळा, आणि खाली पांढरा कागद. तिला अंगणातलं ऊन कधीच लागत नाही. मी बांगडीच मागवून घेतो. दीड इंची नळाचा पाइप बाहेरून साधारण 48 मिलिमीटर असतो. त्याला चमक नसलेला कातडीच्या रंगाचा कागद गुंडाळायचा, बांगड्या चढवायच्या, पाइप हाताच्याच कोनात धरायचा आणि त्याच वेळच्या उन्हात, तेवढ्याच लांबून फोटो काढायचा. बांगडी तर मिळतेच, वर खरी सावली कशी पडते तेही समोर येतं. ती सावली कापून लावायची नाही, कारण पाइप गोल आणि मनगट चपटं. ती समोर ठेवून बघायची.

कोन चुकला तर कळतो. बांगडीची पुढची कमान कोणत्या बाजूला फुगली आहे ते बघा. बोटांच्या बाजूने बघत असू तर ती एकीकडे वाकते, कोपराच्या बाजूने बघत असू तर उलटीकडे. उलटी लागली तर कितीही सुंदर सावली घाला, बांगडी हाताभोवती फिरत नाही. आमच्याकडे एका नव्या मुलाने सरळ आडवी पलटी मारून हे सोडवलं आणि मग चमक चुकीच्या बाजूला गेली. तसं करू नका, फोटो परत काढा.

सावलीचा रंग मोजून काढा

दुसरं लक्षण, मार बसल्यासारखी कातडी, हे काळ्या रंगामुळे येतं. कातडीवरची सावली काळी नसते, ती तांबूस तपकिरी असते. उजेड कातडीत थोडा शिरतो, आत पसरतो आणि बाहेर येतो, आणि या प्रवासात लाल उजेड सगळ्यात जास्त टिकतो. म्हणून सावलीत लाल कमी उतरतो आणि निळा जास्त. काळा रंग Multiply वर टाकला की तिन्ही सारखेच उतरतात. उजेड विझतो, पण आतली ऊब येत नाही, आणि कातडी राखेसारखी होते.

रंग डोळ्याने निवडू नका. Eyedropper चा Sample Size 5 by 5 Average करा आणि दोन जागा मोजा: अंगठीची सावली आणि तिच्या लगतची उन्हातली कातडी. या फोटोत उन्हातली कातडी 205, 150, 118 होती आणि अंगठीच्या सावलीत 138, 82, 58. आता प्रत्येक रंगात सावलीचा आकडा उजेडाच्या आकड्याने भागायचा आणि 255 ने गुणायचं:

```
R: 138 / 205 × 255 = 172
G:  82 / 150 × 255 = 139
B:  58 / 118 × 255 = 125
```

172, 139, 125. हा Multiply चा रंग. या रंगाची सावली 100 टक्के अपारदर्शकतेवर ठेवली तर त्या कातडीवर बरोबर अंगठीच्या सावलीएवढीच पडते. स्लायडर पुढेमागे करून डोळे दुखवायची गरज राहत नाही. मेंदी, तीळ, केस सगळं सावलीखाली दिसत राहतं. दुसऱ्या फोटोला मात्र हा रंग लावू नका. मांडवाचा लाल कापड असेल तर आकडे वेगळे, भिंत निळी असेल तर आणखी वेगळे. दर वेळी मोजायचं.

सावली बनवणं

पाटलीच्या लेयरची प्रत काढा, हा रंग भरा आणि पाटलीच्या खाली ठेवा. मग Edit मधून Transform, त्यात Warp. वरचं टोक जागेवर ठेवून मधला भाग 12 पिक्सेल आणि खालचा 70 पिक्सेल उजवीकडे ओढा. पट्टी खाली जाताना उघडत जाते. लगेच फरक दिसतो. बांगडी हातातून लोंबायला लागते. Drop Shadow आधीच लावला असेल तर Layer Style मधल्या Create Layers ने तो वेगळा काढून त्यालाही असंच वाकवता येतं, पण वाकवायचं चुकत नाही.

पुसटपणाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण इथे सगळेच जास्त करतात. मऊ सावली खरी वाटते असा एक समज आहे. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून उन्हातल्या सावलीची कड फटीच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी पुसट होते. 6 मिलिमीटर फट म्हणजे कड 1 पिक्सेलच्या आसपास. प्रत्यक्षात कातडी स्वतः उजेड पसरवते, त्यामुळे कड थोडी विरघळते. मी उन्हात Gaussian Blur 3 ते 4 पिक्सेलच्या वर नेत नाही. 20 पिक्सेलचा मऊ ढग उन्हातल्या फोटोत लावला तर बाकी सगळं ऊन आणि हातावर एकटा ढगाळ दिवस, असं होतं.

हॉलमधल्या सॉफ्टबॉक्सच्या फोटोत गणित बदलतं. 60 सेंटिमीटरचा बॉक्स 180 सेंटिमीटर लांब असेल तर कड फटीच्या एक तृतीयांश पुसट. म्हणजे मध्यावर 1 मिलिमीटर फटीला 4 पिक्सेल आणि खाली 6 मिलिमीटर फटीला 24. एकाच सावलीत वर धारदार आणि खाली मऊ. त्यासाठी सावलीच्या दोन प्रती ठेवायच्या, एक कमी पुसट, एक जास्त, आणि मास्कवर ग्रेडियंट ओढून वरून खाली एकीतून दुसरीत जायचं.

आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातला, ढगाळ आभाळाखालचा फोटो असेल, तर पडलेली सावली विसराच. सगळं आभाळच दिवा असतं. तिथे फक्त टेकल्याची गडद रेषा आणि बांगडीच्या अवतीभवती हलकी मंद झाक, एवढंच असतं. श्रावणातल्या मंगळागौरीच्या फोटोत कोणी लांब तिरपी सावली घातली की मला लगेच कळतं.

टेकल्याची रेषा ही वेगळी सावली. पडलेल्या सावलीत ऊन पोचत नाही, पण आभाळाचा उजेड पोचतो. जिथे बांगडी कातडीला चिकटते तिथे तोही पोचत नाही. म्हणून ती वेगळ्या Multiply लेयरवर, 4 ते 6 पिक्सेल रुंद, त्याच रंगाने, फक्त टेकते तिथे. खाली जिथे बांगडी सुटते तिथे ती रेषा विरून संपली पाहिजे. सगळीकडे गोल फिरवली तर बांगडी घट्ट बसल्यासारखी वाटते आणि मग लोंबणारी सावली खोटी पडते.

नऊ बांगड्या, सावल्या किती?

इथे माझाही पहिला प्रयत्न फसला होता. प्रत्येक बांगडीला स्वतःची सावली दिली, सगळ्या Multiply वर. जिथे दोन सावल्या एकमेकींवर आल्या तिथे दुप्पट गडद, तीन आल्या तिथे जवळपास काळं. मधल्या फटी जळल्यासारख्या झाल्या.

एकाच सूर्याच्या दोन सावल्या एकमेकींवर पडल्या तर तिथे जास्त अंधार होत नाही. ऊन एकदा अडलं की अडलं. फोटोशॉपला हे सांगायची युक्ती सोपी आहे: सगळ्या सावल्या एका ग्रुपमध्ये घाला, आतल्या प्रत्येक लेयरचा मोड Normal आणि 100 टक्के ठेवा, आणि ग्रुपचा मोड Pass Through वरून Multiply करा. आता एकमेकींवर आलेला भागही एकाच रंगाचा राहतो.

त्याच ग्रुपला मनगटाच्या आकाराचा मास्क लावायचा, नाहीतर सावली हाताची कड ओलांडून मागच्या साडीवर जाते. साडीवर सावली पडते हे खरं, पण ती कितीतरी मागे, दुसऱ्याच जागी. आणखी एक: मनगटाची खालची बाजू आधीच उजेडापासून वळलेली, म्हणजे सावलीतच असते. तिथे बांगडीची वेगळी सावली पडूच शकत नाही. मास्कवर तो भाग हळूहळू पुसून टाका. नुसत्या या पुसण्याने हात गोल दिसायला लागतो.

हे करताना लक्षात आलं की नऊ बांगड्यांपैकी सात-आठ सावल्या दिसतच नाहीत. ऊन बोटांकडून येतं, म्हणून प्रत्येक बांगडीची सावली कोपराकडच्या शेजारणीवर पडते. उघड्या कातडीवर पडते ती फक्त शेवटच्या पाटलीची. शेजारणीवर पडणारी सावली बांगडीच्या लेयरवर क्लिप केलेल्या वेगळ्या लेयरने हलकीच द्यायची. काच चमकते, तिच्यावर सावली फार उठत नाही.

काचेचं हिरवं

सगळ्या बांगड्या सारख्या अंतरावर कधीच बसत नाहीत. दोन पुढे घसरलेल्या असतात आणि मध्ये बोटाच्या पेराएवढी कातडी दिसते. मी मुद्दाम तशी फट ठेवली, आणि तिथे काचेची सावली दिसायची वेळ आली.

सोनं ऊन पूर्ण अडवतं. पारदर्शक हिरवी काच थोडं सोडते आणि तेही हिरवं करून. म्हणून तिची सावली सोन्यापेक्षा फिकी आणि किंचित शेवाळी. पाइपवरच्या फोटोत मोजलं: उन्हातला कागद 210, 160, 130, काचेच्या सावलीत 150, 138, 98. वरच्याच भागाकाराने Multiply चा रंग आला 182, 220, 192. बघा, इथे सगळ्यात जास्त लाल उतरलाय, सोन्याच्या उलट. हा रंग त्या कातडीवर 146, 129, 89 असा पडतो, ओलसर मेंदीसारखा. ग्रुपमध्ये तो सोन्याच्या सावलीच्या खाली ठेवायचा, कारण जिथे सोन्याने ऊन अडवलं तिथे काचेचं काही चालत नाही.

काचेच्या सावलीच्या पोटात एक बारीक उजळ रेघ असते. गोल काच भिंगासारखी ऊन गोळा करून एका रेषेत टाकते. Screen मोडवर, 2-3 पिक्सेलची फिकट हिरवी रेघ, 15 ते 20 टक्के, आणि तीही सगळीकडे सारखी नको, मध्ये तुटलेली. ही रेघ नसली तर कोणी तक्रार करत नाही. असली तर कोणी बोलत नाही, पण काच काच वाटते. मीनाकाम केलेल्या किंवा अपारदर्शक हिरव्या बांगड्या असतील तर हे सगळं सोडा, त्यांची सावली पाटलीसारखीच.

प्रूफ पाठवण्याआधी

फोटो 25 टक्क्यांवर आणून बघतो. जवळून बरोबर वाटलेली सावली लांबून पट्टी वाटली तर कड फार सारखी आहे. मग वर तात्पुरता Black & White लेयर ठेवतो. रंग गेल्यावर अंगठीची सावली आणि पाटलीची सावली सारख्याच करड्या दिसल्या पाहिजेत. अंगठीची जास्त गडद असेल तर ग्रुपची अपारदर्शकता कमी केलेली असते, पाटलीची जास्त गडद असेल तर टेकल्याची रेषा जास्त रुंद झालेली असते. बारा बाय छत्तीसच्या पानावर छापताना सावल्या पडद्यावरच्यापेक्षा थोड्या गडद येतात, म्हणून अख्खं पान छापण्याआधी तेवढा मनगटाचा तुकडा छोट्या कागदावर छापून घेतो.

काही फोटोंत हे जमत नाही आणि ते आधीच सांगून टाकलेलं बरं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश आणि व्हिडिओवाल्याचा दिवा दोन्ही असतील तर अंगठीला दोन सावल्या दिसतात, वेगवेगळ्या रंगांच्या. तिथे दोन ग्रुप, दोन मोजमापं, आणि जिथे दोन्ही दिवे अडतात तिथे खरोखरच जास्त अंधार, म्हणजे वरचा नियम दोन दिव्यांमध्ये लागू होत नाही. तीन तास जातात. हात हललेला, पुसट आला असेल तर मी नाहीच म्हणतो.

खानापूरचं पान दुसऱ्या प्रूफला पास झालं. मावशींनी बांगड्या मोजल्या, सात हिरव्या, दोन पाटल्या. मग म्हणाल्या, उजव्या हातात पण घाल की. उजवा हात नारळामागे होता, मनगट दिसतच नव्हतं. ते समजावण्यात सावलीपेक्षा जास्त वेळ गेला.